अहिराणीबद्दल दोन स्रोत भांडतायत, निबंधात न्याय कसा द्यायचा?

धुळ्याची_एसवाय: तुलनात्मक निबंध आहे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा १९०७चा खंड खानदेशीला, म्हणजे अहिराणीलाच, मराठीबाहेर, भिल्ली भाषांसोबत ठेवतो. माझ्याकडचा एक लेख तिला मराठीची बोली म्हणतो. मला लेख पटतो. मग दोघांशी सारखं कसं वागू? माझं एक वाक्य: 'ग्रियर्सन असा दावा करतो, पण लेखक सप्रमाण दाखवून देतात.'

तापीकाठ: निम्मे शब्द याला, निम्मे त्याला, शेवटी 'दोघांचंही आपापल्या जागी बरोबर'. मार्क कुठे जात नाहीत.

अमळनेरचे_सर: ही तर शेताची वाटणी झाली! ताई, तुमच्या वाक्यातच निकाल लागलाय. एक नुसता 'दावा करतो', दुसरा 'दाखवून देतो'. दोघांनाही 'म्हणतो' लावा आणि वाक्य पुन्हा वाचा.

मग बघा, दोघं एकाच प्रश्नाचं उत्तर देतायत का. सर्वेक्षणाचा भर व्याकरणावर आहे. लेखाचा भर शाळा आणि लिखाणाची भाषा मराठी असण्यावर असेल, तर तेवढ्यापुरता वादच नाही, असं स्पष्ट लिहा. खरी गाठ व्याकरणात पडते. 'मना भाऊ', 'रामना भाऊ' यातला 'ना' गुजरातीच्या 'नो-नी'जवळ जातो, तिथे सर्वेक्षण भक्कम. 'माले', 'तुले' मधला 'ले' मात्र वऱ्हाडीतही आहे, आणि वऱ्हाडी मराठीची बोली मानली जाते. तिथे लेखाला बळ मिळतं. आता लेख 'ना'चं काय करतो आणि सर्वेक्षण 'ले'चं काय करतं, ते शोधा. एखाद्याने तो मुद्दा टाळला असेल तर तसं नोंदवा, मग तो तुमचा आवडता का असेना.

तापीकाठ: एवढं कशाला? २०११च्या जनगणनेत खानदेशी मराठीहून वेगळी मोजलीय. विषय संपला.

अमळनेरचे_सर: वेगळी मोजलीय, खरं आहे. पण जनगणनेचं भाषांचं वर्गीकरण बरंचसं ग्रियर्सनच्याच वाटेने जातं. म्हणजे तो तिसरा साक्षीदार नाही, पहिल्याचाच नातेवाईक आहे.

शहाद्याचा_पोऱ्या: आमची माय घरात अहिराणीच बोलते आणि मातृभाषा विचारली की 'मराठी' सांगते. तिला कोणी विचारलं का? दोन्ही स्रोत फेका.

अमळनेरचे_सर: फेकू नका, पण तुमच्या मायची शंका दोघांनाही लावा. सर्वेक्षणाचे नमुने अधिकाऱ्यांमार्फत गोळा झाले, तेही शंभरावर वर्षांपूर्वी. हे लिहाल तर लेखकाने कुठल्या तालुक्यातली, कोणाची बोली ऐकली, हेही विचारायला हवं. जुनं म्हणून एकालाच उलटतपासणी, असं नको.

धुळ्याची_एसवाय: लेखात गावाचं नावच नाही. आणि 'ना'वर एक ओळही नाही. मग माझं मत शेवटी लिहायचं की नाही?

अमळनेरचे_सर: लिहा. न्याय म्हणजे मत गिळणं नव्हे. फक्त 'ना' अजून अडतो, हे त्याच परिच्छेदात येऊ द्या.

तापीकाठ: आमच्या मॅडम मत लिहिलं की मार्क कापतात. तुलना मागितली तर तुलनाच द्यावी.