१८ अपॉइंटमेंट, वर थेट येणारे पाच: स्लॉट केवढा ठेवावा?

काउंटरवरून: ओपीडी ९ ते १२. दर १० मिनिटांना एक अपॉइंटमेंट, म्हणजे १८. शिवाय पाचेक जण नंबर न लावता येतात. रोज एक वाजून जातो. स्लॉट वाढवू की मधे मोकळा वेळ सोडू?

घड्याळवाला: आधी आठवडाभर वेळ टिपा. एक पेशंट आत शिरल्यापासून पुढचा शिरेपर्यंतची. लिहिणं, हात धुणं, दारातून मागे वळून विचारलेली शंका, सगळं त्यात आलं. समजा सरासरी ११ मिनिटं निघाली. १८ जणांची १९८ झाली आणि तुमच्याकडे आहेत १८०. थेट कुणी आलं नाही तरी उशीर होणारच. ते पाच धरले तर २५३, म्हणजे सव्वा वाजणार. त्यापेक्षा १२ मिनिटांचे १५ स्लॉट पाडा. १० अपॉइंटमेंटला द्या, ५ मोकळे ठेवा. प्रत्येकातलं उरलेलं मिनिट छोटी लांबण भरून काढतं.

सडेतोड: आणि मोकळ्या स्लॉटला कुणी आलंच नाही तर? डॉक्टरांनी भिंतीकडे बघत बसायचं? अपॉइंटमेंटवालेही दोघंतिघं दांडी मारतातच. आहे ते ठेवा, थेट आलेल्यांना शेवटी घ्या.

घड्याळवाला: नऊला आलेलं तापाचं मूल बारापर्यंत बसवणार? नाही बसवणार, मधेच घुसवणार. रिकामं बसण्याची भीती असेल तर बेली आणि वेल्श या संशोधकांनी १९५२मध्येच उपाय सुचवलाय: सुरुवातीला दोघांना एकाच वेळेला बोलवा, पुढचे सरासरी वेळेच्या अंतराने. एकाने दांडी मारली तरी दुसरा हजर असतो. मात्र डॉक्टर नऊला खुर्चीत हवेत. साडेनऊला आले तर कुठलंही वेळापत्रक कोसळतं.

फिजिओताई: माझ्याकडे प्रत्येकाला ३० मिनिटं आणि मधे १० मोकळी. कधीच अडत नाही.

काउंटरवरून: ताई, तुमच्याकडे न सांगता कुणी येतं का?

फिजिओताई: नाही, आधी वेळ ठरवावीच लागते.

नवा_जुना: सरासरी फसवी असते. फेरतपासणी ६ मिनिटांत उरकते, नवा पेशंट २० घेतो. सगळ्यांना २०च द्या.

घड्याळवाला: फरक आहे हे बरोबर. पण २० दिलेत तर तीन तासांत नऊच जण होतील. नवे पेशंट शेवटच्या तासात लावा. पहिल्या तासात लांबलं की ते मागच्या सगळ्यांच्या माथी बसतं.

काउंटरवरून: मग मोकळे पाच कुठे ठेवू? सोमवारी नऊलाच झुंबड असते.

घड्याळवाला: तासवार २, २, १. सोमवारी ३, १, १ करून बघा. थेट आलेल्याला लगेच वेळ सांगा, म्हणजे तो दारात उभा राहणार नाही.

सडेतोड: छान! म्हणजे न सांगता आलेला साडेनऊला आत आणि परवा फोन केलेल्याला साडेअकरा. उद्यापासून फोन कोण करेल?

घड्याळवाला: तो धोका आहेच. थेट येणारे पाचाचे आठ झाले तर माझं गणितही मोडतं.