‘जाळी येते’, ‘सगळं धरून’, ‘होऊन जाईल’: कोटेशनच्या चॅटमधल्या शब्दांचा अर्थ

गॅलरीतली तुळस
चार खिडक्या बदलायच्या आहेत, ॲल्युमिनियमच्या सरकत्या. एका फॅब्रिकेटरशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं. ॲडव्हान्स दिल्यावर त्यांनी कोटेशनच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, आणि मी समजून चालले होते त्यापेक्षा आकडा बराच मोठा निघाला. चॅट पुन्हा वाचलं तर खोटं असं त्यांनी काही लिहिलेलं नाही. म्हणून इथे विचारते आहे. संभाषण जसंच्या तसं देते.

मी: चार खिडक्या, प्रत्येकी ४६ बाय ५० इंच. डासांची जाळीपण हवी.
ते: हो, जाळी येते
ते: ४५० फूट पडेल
मी: सगळं धरून ना?
ते: हो, फिटिंग धरून
मी: जुन्या खिडक्या काढणं, राडारोडा?
ते: ते होऊन जाईल ताई
मी: ठीक आहे, १०,००० पाठवले. हमाली तुमच्याकडेच ना?
ते: 👍

चिठ्ठीवर आहे: ४ नग, टू ट्रॅक, ७२ चौ. फूट, दर ४५०, रक्कम ३२,४००, जीएसटी १८ टक्के, एकूण ३८,२३२. खाली बारीक अक्षरात ‘वाहतूक व हमाली प्रत्यक्षानुसार’. माझ्या हिशेबाने चार खिडक्या मिळून ६४ चौरस फूटही भरत नाहीत, म्हणजे २८,७५० व्हायला हवे होते. या शब्दांचा व्यवहारातला अर्थ नक्की काय घ्यायचा?

कोथरूडकर
जाळीसाठी एवढं कशाला? आम्ही चुंबकाच्या पट्टीची लावली आहे, धुवायला काढता येते. तीन वर्षं झाली, छान टिकली आहे.

क्रियापद
कोथरूडकर, जाळी कोणती घ्यावी हा प्रश्न नाही, शब्दाचा अर्थ हा प्रश्न आहे.

तुळसताई, ‘येते’ला मराठीत निदान दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोजच्या वापरातले. ‘थाळीत काय काय येतं?’ असं विचारतो तेव्हा त्याच पैशांत काय मिळतं ते विचारत असतो. ‘ही साडी निळ्यात येते का?’ यात फक्त मिळते का, एवढंच. तुमच्या वाक्यात ‘कशात’ हा भागच नाही. ‘या दरात जाळी येते’ म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती. नुसतं ‘येते’ म्हणजे ‘मिळते, लावता येते’ असंही वाचता येतं, आणि तुम्ही जाळी ‘हवी’ म्हणालात त्याला ते उत्तरही जुळतं.

त्याहून लक्ष द्यावं असं पुढे आहे. तुम्ही विचारलंत ‘सगळं धरून ना?’, उत्तर आलं ‘हो, फिटिंग धरून’. ‘हो’ ऐकून आपलं समाधान होतं, पण त्या ‘हो’च्या पुढे तुमचं ‘सगळं’ आकसून ‘फिटिंग’ झालं आहे. प्रश्नातला शब्द उत्तरात बदललेला दिसला की तिथे थांबायचं.

सांगलीचा फॅब्रिकेटर
मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. जाळीचं उत्तर चिठ्ठीतच आहे. टू ट्रॅक म्हणजे चौकटीला दोनच खाचा, आणि काचेचे दोन पल्ले त्या दोन खाचांत जातात. जाळीच्या सरकत्या पल्ल्याला तिसरी खाच लागते. चौकट थ्री ट्रॅक घेतल्याशिवाय तो बसत नाही, आणि तिला ॲल्युमिनियम जास्त लागतं. म्हणजे या ४५० मध्ये जाळी नाही, ‘येते’चा अर्थ काहीही काढा. दर विचारताना सेक्शन आणि ट्रॅक लिहून मागितले की शब्दांवर अवलंबून राहावं लागत नाही.

आता ७२ फूट. आमच्याकडे माप सहा इंचांच्या पटीत वर घेण्याची पद्धत आहे. ४६ चं ४८ होतं, ५० चं ५४. एका खिडकीचे १८ फूट, चारचे ७२. मूळ काचेवरनं आलंय हे. काचवाला आम्हाला तसंच बिल करतो, कारण उरलेली पट्टी त्याच्या कामाची नसते. पण खरं सांगायचं तर ॲल्युमिनियमची कांडी तशी वाया जात नाही, उरलेला तुकडा दुसऱ्या कामाला लागतो. पूर्ण खिडकीवर सहाची पट लावणं मला पटत नाही, मी तीनची लावतो. तसं केलं तर ४८ बाय ५१, खिडकीला १७ फूट, एकूण ६८. तुम्ही तीनची पट मागा, चुकीचं काही नाही त्यात. पण हे ॲडव्हान्सच्या आधी सांगायला हवं होतं त्यांनी.

गॅलरीतली तुळस
ट्रॅकचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. म्हणजे नुसत्या पटीने ३,६५० वाढले, आणि त्यावर कर वेगळा.

बिलावर बोट
करही द्यायचा नाही. जीएसटी मालावर असतो, मजुरीवर नसतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांना कायद्यात किंमत नाही, तेव्हा ते तुम्हाला कशालाही बांधू शकत नाहीत.

जुना खरेदी विभाग
कंपनीच्या खरेदी खात्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. वरची दोन्ही विधानं अर्धवट आहेत आणि त्यावर विसंबून ताईंचं नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

खिडकी बनवून बसवून द्यायचं काम एकच असेल तर मजुरी वेगळी काढून करमुक्त ठरत नाही, सगळ्या रकमेवर कर लागतो. वाहतूक, हमाली त्यांनी स्वतःच्या बिलात लावली तर तिच्यावरही. मात्र कर मागण्याचा हक्क नोंदणी असलेल्यालाच आहे. त्यांच्या चिठ्ठीवर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का बघा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. क्रमांक नसेल, किंवा ते कंपोझिशन योजनेत असतील, तर ग्राहकाकडून कर वेगळा वसूल करता येत नाही. कंपोझिशनवाल्याला बिलाच्या डोक्यावर तसं छापावंही लागतं. ‘बिल नको असेल तर कर नाही’ असं कुणी म्हटलं तर ती सवलत समजू नका. उद्या पल्ला निखळला तर हातात कागद नसतो.

तुमच्या चॅटमध्ये ‘४५० पडेल’ एवढंच आहे, कराचा उल्लेख नाही. ‘पडेल’ म्हणजे हातातून जाणारा पैसा असं ग्राहक समजतो, धंद्यात मात्र दर बहुधा कर सोडून बोलतात. यावर भांडण होऊ शकतं आणि दोघांकडेही मुद्दा आहे.

चॅटला किंमत नाही हे तर साफ चूक. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १० अ आहे. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो अग्राह्य होत नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७ सांगतं की स्वीकृती पूर्ण आणि विनाअट हवी. ताईंच्या ‘ठीक आहे’ने नेमकं काय स्वीकारलं? दर ४५०, फिटिंगसह. जाळी, पट, कर, राडारोडा यांतलं काही ठरलेलंच नाही. न ठरलेल्या गोष्टी एकट्या ताईंच्या बाजूने धरता येणार नाहीत, तशा चिठ्ठी नंतर पाठवून त्यांच्याही बाजूने धरता येणार नाहीत.

ब्रॅम्प्टनहून
अंगठ्याबद्दल. कॅनडात सस्कॅचेवानच्या न्यायालयात २०२३ साली अशी केस गाजली होती. धान्य घेणाऱ्याने अळशीच्या कराराचा फोटो पाठवून तो कबूल आहे का विचारलं, शेतकऱ्याने अंगठा पाठवला. तो म्हणाला, फोटो मिळाला एवढंच सांगायचं होतं. न्यायालयाने ती संमती धरली. त्या दोघांचे आधीचे व्यवहार अशाच तुटक उत्तरांवर पार पडले होते, हे त्यात महत्त्वाचं ठरलं.

जुना खरेदी विभाग
तिकडचा निकाल इकडे बांधील नाही. शिवाय तुळसताईंच्या संदेशात दोन गोष्टी एकत्र आहेत, पैसे पाठवल्याची खबर आणि हमालीचा प्रश्न. अंगठा कशाला होता? पैसे मिळाले म्हणूनही असेल. म्हणून एका संदेशात एकच प्रश्न ठेवावा, आणि पैशांची गोष्ट त्यात मिसळू नये.

क्रियापद
‘होऊन जाईल’बद्दल लिहायचं राहिलं. या वाक्यात कर्ताच नाही. काम होईल, पण कोण करणार, कुणाच्या पैशांनी, ते वाक्य सांगत नाही. ‘करून देतो’ म्हटलं की ‘मी’ आला, आणि ‘देतो’मुळे तुमच्यासाठी करतो हेही आलं. मराठीत जबाबदारी क्रियापदाच्या शेपटात असते. चॅट वाचताना ‘होईल, जाईल, लागेल, पडेल’ एका बाजूला काढा आणि ‘देतो, करतो, लावतो’ दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला ‘कोण?’ विचारायचं. ‘हमाली लागणार नाही’सुद्धा तसंच. हमालाची गरज नाही, की पैसे पडणार नाहीत?

सांगलीचा फॅब्रिकेटर
हे जरा जास्त होतंय. आम्ही दिवसात वीस जणांशी बोलतो, हातात ग्राइंडर असतो. ‘होऊन जाईल’ म्हणजे आमच्यात ‘करतो मी’च. तेवढ्यावरून माणूस लबाड ठरवू नका. आणि ‘येते’पण. ‘फोनबरोबर चार्जर येतो’ म्हणतो ना आपण, तिथे तर त्याच पैशांत असतो.

क्रियापद
लबाड म्हणायचं नव्हतं, शब्द वाचतो आहे. तुमच्या उदाहरणातही ‘फोनबरोबर’ आहेच. पण बोलण्यात तो भाग गळतो हे मान्य. ‘येते’चं एकच उत्तर माझ्याकडे नाही. ‘धरून’चंही तसंच, ‘फिटिंग धरून’ म्हणजे समाविष्ट, आणि ‘साडेचारशे धरून चाला’ म्हणजे निव्वळ अंदाज. ताई, आता ‘ना?’ लावून विचारू नका. ‘ना?’ला समोरचा सवयीने ‘हो’ म्हणतो. दोन पर्याय देऊन विचारा: ‘जाळी याच दरात, की वेगळी? वेगळी असेल तर किती?’

गॅलरीतली तुळस
काल तसंच केलं, चार वेगळे संदेश पाठवले. उत्तरं देते.

जाळी: ‘वेगळी. थ्री ट्रॅक घ्या, जाळीसकट ५३० दर, अधिक जीएसटी.’ माप: ‘तीनची पट लावतो.’ राडारोडा: ‘खाली गेटपर्यंत आणून देतो, पुढचं सोसायटीचं तुम्ही बघा.’ म्हणजे ६८ फुटांचे ३६,०४०, कर मिळून ४२,५२७. आकडा वाढला, पण यात जाळी आहे आणि काय कशासाठी ते मला कळतं आहे. चिठ्ठीवरचा जीएसटी क्रमांकही बघितला, २७ ने सुरू होतो.

चौथा प्रश्न होता, ‘वाहतूक-हमाली यातच, की वेगळी? वेगळी असेल तर जास्तीत जास्त किती?’ त्याला उत्तर आलं, ‘ते बघून घेऊ ताई’. मी पुन्हा आकडा विचारला आहे. कालपासून दोन निळ्या खुणा दिसत आहेत, उत्तर नाही. पुढचा हप्ता थांबवला आहे.