अनुभव धागा: पुठ्ठ्याचं मखर, त्याचा व्हिडिओ आणि न दिसणारं वाळणं

गेल्या वर्षी मी पुठ्ठा, वर्तमानपत्र आणि खळ एवढ्यावर मखर केलं आणि टाइमलॅप्स करून नातेवाइकांना पाठवलं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, खाली ओळी: 'पट्ट्या चिकटवा', 'वाळू द्या', 'रंगवा'. मावसबहिणीने तो बघून हरतालिकेच्या रात्री कामाला सुरुवात केली. पहाटे चारला कमान ओल्या पोळीसारखी वाकली आणि तिने मला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तुझ्या व्हिडिओत तर लगेच वाळलं!"

माझ्या मखराला हात लावून काम झालं जेमतेम पाच तास. वाळायला मात्र चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत कॅमेरा बंद होता. यंदा व्हिडिओ नव्याने करतेय, म्हणून हा धागा. तुम्ही केलं असेल तर काय बिघडलं आणि व्हिडिओत काय सांगायचं राहून गेलं, ते लिहा.

आधी माझं साहित्य, फुटभर मूर्तीसाठी. मोठ्या टीव्हीची दोन खोकी, साधारण किलोभर रद्दी, 200 ग्रॅम मैदा, एक लिटर पाणी, मूठभर गेरू, खडूची पूड, सुतळी. मैदा आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्यायचा आणि उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं. खळ पारदर्शक झाली की उतरवायची. गुठळी राहिली तर कागदाखाली फोड येतो.

खोकेवाला, ठाणे
मी पॅकिंगच्या धंद्यात वीस वर्षं आहे, म्हणून पुठ्ठ्याबद्दल लिहितो. तुमच्या व्हिडिओत पुठ्ठा कसा कापायचा ते आहे, पण कुठल्या दिशेने कापायचा ते नाही. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नळ्या असतात. खांबासाठी त्या उभ्या हव्यात, तरच वजन पेलतं. कमानीची पट्टी मात्र नळ्या आडव्या येतील अशी कापायची, म्हणजे दर बोटभर अंतरावर बोथट सुरीने रेघ ओढली की पट्टी गोल वळते. उलटी कापलीत तर ती वळत नाही, मधेच मोडते.

दुसरं म्हणजे वाकणं. ओला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला कागद लावलात तर पुठ्ठा पापडासारखा वळणारच. मागची बाजू कुणाला दिसणार नसली तरी तिथेही तेवढेच थर लावा. मी तीन लावतो, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही.

वाळलं का, हे बोटाने कळत नाही. गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. वाळलेल्यावर टिचकी मारली की टणटणीत आवाज येतो.

मूळ लेखिका
मागची बाजू मी लावली नव्हती! कमान पुढे झुकली, तेव्हा मला वाटलं बाप्पाला नमस्कार करतेय.

रात्रपाळी
मी मखरातला नाही, टाइमलॅप्समधला. दर 5 सेकंदांना एक चित्र घेतलंत आणि ती सेकंदाला 30 या वेगाने पळवलीत, तर तासाभराच्या कामाचे 24 सेकंद होतात. म्हणजे एक ओळ वाचायला पडद्यावर 3 सेकंद द्यायचे, तर तेवढ्यात खरं काम साडेसात मिनिटं पुढे गेलेलं असतं. 'इथे दुमडा' असं लिहून येतं तोवर दुमडून, चिकटवून, चहाही झालेला असतो. म्हणून ज्या हालचालीला ओळ हवी, ती नेहमीच्या वेगाने वेगळी चित्रित करा: कमान वळवणं, खळ उतरवण्याचा क्षण, गालाची परीक्षा. पट्ट्या चिकटवण्याचा कंटाळवाणा भाग पळवा.

वाळण्यासाठी सोपा उपाय. फोन त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ एकेक फोटो काढा आणि प्रत्येक फोटो 2 सेकंद थांबवा. ओळ अशी: 'पहिला थर, 20 तास झाले, अजून गार'. 'दुसऱ्या दिवशी' लिहू नका, प्रत्येकाचा दुसरा दिवस वेगळा. एक्सपोजर लॉक करा, नाहीतर ढग आला-गेला की व्हिडिओ लुकलुकतो. उभ्या व्हिडिओत अगदी खालची ओळ बटणांखाली झाकली जाते, ती वर घ्या.

सोसायटी चिटणीस
एवढा खटाटोप कशाला? पांढरा गोंद पाण्यात मिसळतो, म्हणजे तो पर्यावरणपूरकच झाला. तासाभरात काम होतं. आम्ही 2018 साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून तोच वापरतो. वरून सोनेरी चमकी मारली की झकास.

खोकेवाला, ठाणे
ओला असताना मिसळतो, हे बरोबर. वाळल्यावर त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो आणि तो खळीसारखा विरघळत नाही. खळीचं मखर बादलीत रात्रभर भिजवलं तर लगदा होतो. आणि ती चमकी बहुतेक प्लॅस्टिकचीच असते, ती केराबरोबर कुठे जाते ते विचारू नका. पण जाड सांध्यावर दोन थेंब गोंद मीही लावतो, खोटं कशाला बोलू.

कुडाळकर
आमच्याकडे मखर नाय, माटवी. व्हिडिओची गरजच नाय, घरातलो म्हातारो सांगता तसा बांधूचा. लाकडी चौकट वर टांगूची, किवणीच्या सालीच्या दोरान नारळ, सुपारीचो शिपटो, चिबूड, कवंडळा, आंब्याचे टाळे बांधूचे. यंदा आमच्या पोरग्यान व्हिडिओ केल्यान, 'रानातून कवंडळ आणा' म्हणून. मी त्येका सांगलंय, 'फळ तोडा, वेल ओढू नका' असाही लिही. लोक एका फळासाठी अख्खो वेल खाली ओढतत.

मूळ लेखिका
काका, विषय थोडा निराळा झाला, पण ती 'वेल ओढू नका' ओळ फार कामाची आहे. साहित्याच्या यादीत वस्तू असते, ती कशी आणायची ते नसतं.

दुबईहून
आमच्याकडे उलटा त्रास. एसीच्या झोताखाली थर चार-पाच तासांत वरून कडक झाला. मी खूश होऊन दुसरा लावला. आत ओल कोंडली आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास आला. उलटून बघते तर मागे काळे ठिपके. तेवढा भाग कापून टाकावा लागला. आता झोत लांब ठेवते. रंगाला हळदीत चिमूटभर चुना घातला, सुरेख कुंकवासारखा लाल आला, पण खिडकीजवळची बाजू विसर्जनापर्यंत फिकट पडली. गेरू टिकला. तो नुसत्या पाण्यात कालवला तर हाताला लागतो, पातळ खळीत कालवा.

आजी, सदाशिव पेठ
आमच्या वेळी बुकबाइंडिंगची खळ करताना त्यात मोरचूद घालत. झुरळं शिवत नसत, बुरशी नाही. तेच घाला.

रात्रपाळी
आजी, मोरचूद विषारी आहे. भिजवलेला लगदा झाडाला घालायचा किंवा पाणी नाल्यात जाणार, आणि घरात लहान मुलं. नको.

आजी, सदाशिव पेठ
बरं, मग तुरटी घाला. लिटरभर खळीला चमचाभर पूड.

दुबईहून
तुरटी मी घातली होती. तरीही ठिपके आले.

खोकेवाला, ठाणे
ओल कोंडली तर तुरटी काय करणार? माझ्याकडे तुरटी घातलेल्याला बुरशी आली नाही, पण न घातलेल्यालाही नाही, कारण मी पंख्याखाली उभं करून वाळवतो. त्यामुळे तुरटीचा गुण किती ते मला सांगता येणार नाही. कुणी एकाच खळीचे दोन भाग करून, एकात तुरटी घालून, शेजारी ठेवून पाहिलंय का?

आणि निरांजन कमानीच्या आत ठेवू नका. वाळलेला पुठ्ठा म्हणजे चुलीतलं सरपण. समई बाहेर, हातभर पुढे. ही ओळ व्हिडिओच्या शेवटी नको, सुरुवातीच्या यादीतच टाका, शेवटपर्यंत कोण बघतंय.

मूळ लेखिका
टाकते. तुरटीचे दोन तुकडे आज लावते, रोज सकाळी फोटो इथेच टाकेन. मावसबहिणीने यंदा आठ दिवस आधी सुरुवात करायचं ठरवलंय आणि रोज विचारतेय, "अजून गार आहे, पुढे काय?"