'प्रिओरिते आ द्र्वात'चा अर्थ काय?

रानवाट: पुढच्या महिन्यात फ्रान्समध्ये लिआँहून भाड्याची गाडी घेऊन खेड्यांतून फिरणार आहोत. 'प्रिओरिते आ द्र्वात' म्हणजे 'उजवीकडे प्राधान्य', असं शब्दकोशात सापडलं. तिथे उजव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणजे आधी मी, असंच ना?

तांबडीमाती: नेमकं उलटं! उजव्या हाताच्या रस्त्यावरून जो येईल, त्याला आधी जाऊ द्यायचं. चौकात पाटी, सिग्नल काही नसेल तर हाच नियम. आम्ही एका गावातल्या सरळ, रुंद रस्त्याने निघालो होतो. उजवीकडच्या बोळातून एक आजोबा इकडेतिकडे न बघता गाडी घेऊन बाहेर आले. मी करकचून ब्रेक मारला, वर रागावलोही. चूक माझीच होती. बोळ कितीही अरुंद असो, हक्क त्यांचा. मात्र कुणी पार्किंगमधून किंवा घराच्या फाटकातून येत असेल तर त्याने थांबायचं.

रानवाट: बाप रे, मग प्रत्येक बोळाशी थांबायचं?

तांबडीमाती: पांढऱ्या कडेची पिवळी चौकट, टोकावर उभी केलेली, दिसली की रस्ता तुमचा. तीच काळ्या पट्टीने खोडलेली दिसली की तो हक्क संपला, उजवीकडे लक्ष. लाल काठाच्या त्रिकोणात काळी फुली असेल तर पुढच्या चौकात उजवीकडच्याला आधी सोडायचं.

चहाबिस्कीट: गोल चौकातही हेच. आत शिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पॅरिसमध्ये आर्क द त्रिओंफपाशी मी स्वतः पाहिलंय.

तांबडीमाती: तिथलं बरोबर आहे, पण तो अपवाद. १९८४पासून नेहमीच्या गोल चौकांत आत फिरणाऱ्याचा हक्क. तोंडाशी उलटा त्रिकोण आणि खाली 'व्हु नावे पा ला प्रिओरिते', म्हणजे 'तुम्हाला आधी जायचा हक्क नाही'. तिथे डावीकडून येणाऱ्याकडे बघा.

सुगरणमामी: आमच्या ह्यांना 'रापेल' गावाची फार उत्सुकता होती. तासाभरात चार वेळा पाटी दिसली, गाव काही येईना!

तांबडीमाती: मामी, 'रापेल' म्हणजे 'आठवण'. वरच्या पाटीवरची वेगमर्यादा अजून लागू आहे, एवढंच. आणि गावाच्या नावाची लाल काठाची पाटी आली की आकडा लिहिलेला नसला तरी ताशी ५०, बरं का. नाव खोडलेली पाटी येईपर्यंत.

चहाबिस्कीट: 'प्रिओरिते'ला 'प्राधान्य' सरकारी वाटतं. 'पहिला मान' कसं?

रानवाट: मान लग्नात. इथे 'आधी जायचा हक्क'च बरा. अजून एक, 'सोफ रिव्हराँ' हे नदीकाठच्यांसाठी असतं का?

तांबडीमाती: मूळ काठाचंच, पण इथे काठ रस्त्याचा. 'इथले रहिवासी वगळून' सगळ्यांना बंदी.

रानवाट: आमचं भाड्याचं घर अशाच गल्लीत आहे. आठवडाभराचा पाहुणा रहिवासी धरतात का?

सुगरणमामी: आम्ही गेलो होतो बिनधास्त. कुणी हटकलं नाही.

तांबडीमाती: हटकलं नाही म्हणजे चालतं असं नाही, मामी. घरमालकाला आधीच विचारून ठेवा.