मार्चअखेर फंडातील नफा आणि शेअरमधील तोटा एकत्र विकावा का?

शिरोलीकर
नमस्कार. शिरोली एमआयडीसीत माझे सुट्या भागांचे दुकान आहे. २०२१ पासून एका इंडेक्स फंडात माझी एसआयपी चालू असून त्यात सुमारे २,४०,००० रुपयांचा दीर्घ मुदतीचा नफा दिसतो. गेल्या वर्षी १२ मे रोजी घेतलेल्या एका कंपनीच्या शेअरमध्ये मात्र ६०,००० रुपयांचा तोटा आहे. या आर्थिक वर्षात (२०२५-२६) मी अजून काहीही विकलेले नाही. मार्च संपण्यापूर्वी फंडातून सव्वा लाखाचा करमुक्त नफा काढावा आणि तोट्यातील शेअरही विकून टाकावेत, असा विचार आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

रंकाळा_सकाळ
दोन्ही अवश्य करा. तोटा दाखवला की कर कमी होतो. शेअर आवडता असेल तर सकाळी विकून दुपारी परत घ्या, म्हणजे हातचाही जाणार नाही.

पंचगंगाकाठ
वरील सल्ल्यातील दुसरा भाग घातक आहे. त्याच खात्यात त्याच दिवशी विकून परत घेतल्यास शेअर डिमॅटमधून बाहेर पडतच नाहीत. तो व्यवहार इंट्राडे धरला जातो आणि आपला जुना तोटा जिथल्या तिथे राहतो. परत घ्यायचेच असतील तर पुढच्या दिवशी घ्यावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सव्वा लाखाची सूट नफ्यातून तोटा वजा झाल्यानंतर लागू होते, त्यापूर्वी नाही, आणि चालू वर्षाचा तोटा बाजूला ठेवण्याची मुभा आपल्याला नसते. आपण १,२०,००० चा नफा आणि ६०,००० चा तोटा एकाच वर्षात घेतलात, तर निव्वळ नफा ६०,००० उरेल. तो करमुक्तच असेल, पण तोट्याशिवायही आपल्याला कर लागणारच नव्हता. म्हणजे ६०,००० रुपयांचा तोटा कोणताही लाभ न देता संपून जाईल.

तोटा याच वर्षी घ्यायचा असेल तर नफा १,८०,००० पर्यंत वाढवावा. मग तोट्यामुळे पुढे कधीतरी लागणारा साडेबारा टक्के कर, म्हणजे ७,५०० रुपये आणि त्यावरचा सेस, वाचेल. पण एक विचारतो: पुढच्या वर्षी आपण अल्प मुदतीच्या नफ्यात काही विकणार आहात का?

शिरोलीकर
होय. मुलीच्या प्रवेशासाठी ऑक्टोबरमध्ये घेतलेले दुसरे शेअर जूनमध्ये विकावे लागतील. आजच्या भावाने त्यात ७०,००० चा नफा आहे.

पंचगंगाकाठ
मग माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर बदलते. तोट्यातील शेअर १ एप्रिलनंतर, पण मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत विकावेत. तेव्हा नवे आर्थिक वर्ष सुरू झालेले असेल आणि बारा महिनेही उलटलेले नसतील, त्यामुळे तोटा अल्प मुदतीचाच राहील. जूनमधील नफ्यावर वीस टक्के कर आहे; त्यातून हा तोटा वजा झाल्यास १२,००० रुपये आणि सेस वाचेल. बारा महिने उलटू दिलेत तर तोटा दीर्घ मुदतीचा होईल आणि तो अल्प मुदतीच्या नफ्यातून वजा करता येणार नाही.

फंडाचे काम मात्र मार्चमध्येच करावे. एसआयपीतील सर्वांत जुनी युनिट आधी विकली जातात. समजा ती सरासरी १०० रुपयांची आहेत आणि आजची एनएव्ही १६० आहे, तर २,००० युनिट विकल्यावर ३,२०,००० रुपये हाती येतील आणि नफा १,२०,००० होईल. एनएव्ही आपल्याला नंतर कळते, म्हणून ५,००० ची जागा मोकळी सोडली आहे. तीच रक्कम परत गुंतवल्यास नवी खरेदी किंमत १६० च्या आसपास धरली जाईल. मात्र नव्या युनिटचे बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात, आणि पैसे खात्यात येईपर्यंतचे दोन-तीन दिवस आपण बाजाराबाहेर असता. ३१ मार्चची वाट पाहू नये.

गुजरीकर
आईच्या जुन्या पाटल्या गुजरीत मोडल्या, तर तिलाही ही सव्वा लाखाची सूट मिळेल का?

पंचगंगाकाठ
नाही, ती सूट शेअर आणि इक्विटी फंडांपुरतीच आहे. मात्र आईंच्या स्वतःच्या नावावर शेअरमधील तोटा असेल, तर तो सोन्यावरील दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा करता येतो.

राजारामपुरी_ताई
माझा अनुभव सांगते. माझ्या मोठ्या तोट्याचे रिटर्न मुदतीनंतर भरले गेले आणि आठ वर्षे पुढे नेता आला असता तो तोटा कायमचा गेला. शिवाय दादा, केवळ कर वाचवण्यासाठी घसरता शेअर महिनाभर धरणे मला पटत नाही. आणखी दहा टक्के पडला तर वाचलेल्या १२,००० चे काय?

पंचगंगाकाठ
ताई, आपली शंका रास्त आहे. कंपनीवरचा विश्वासच उडाला असेल तर आजच विकून नफा १,८०,००० पर्यंत न्यावा. त्यासाठी नंतरची महाग युनिटही विकावी लागतील, म्हणून ३,००० पेक्षा जास्त युनिट धरावीत, आणि त्यांना बारा महिने पूर्ण झाल्याचे तपासून घ्यावे.

शिरोलीकर
आभारी आहे. फंडाची विक्री वीस तारखेपूर्वी करतो. शेअरचे अजून ठरत नाही. जूनपर्यंत तो ७०,००० चा नफाच उरला नाही, तर एप्रिलमधील तोटा त्या वर्षीच्या फंडाच्या नफ्यालाच खाईल ना?

पंचगंगाकाठ
होय. त्या वर्षी फंड विकलाच नाहीत आणि रिटर्न मुदतीत भरलेत, तरच तो पुढे नेता येईल.