कोरफडीचा गर आणि पिवळा चीक
"गर खाल्ला तर चालतो ना, मग ते पिवळं पाणी कशाला काढायचं?"

चालतो, पण चीक पूर्ण गेला पाहिजे. तो सालीच्या लगेच खाली असतो, त्यात अ‍ॅलोइन असतं, कडूजहर, पोटात गेलं की मुरडा येऊन जुलाब लागतात. आमच्याकडे सोलापुरात गच्चीवरच्या कुंडीतलं पान बुडाशी कापून, कापलेली बाजू खाली करून तांब्यात अर्धा तास उभं ठेवतात, मग काटेरी कडा काढून साल जाडच सोलायची, गर दोन-तीनदा धुवायचा, जिभेला कडू लागला तर परत धुवायचा.

अन् काष्ठौषधीच्या दुकानातला काळाबोळ म्हणजे हाच चीक आटवून वाळवलेला, पूर्वीपासून रेचक म्हणून देतात, यावरून जोर कळेल. गरोदर बाईला मात्र धुतलेला गरही देऊ नका.