प्रतिसाद: वांगं राहू द्या, थेंब काढा

> "दादरला घरगुती डब्यांचं काम आहे. भरल्या वांग्यांच्या पोस्टवर 'आज गरमागरम! 🍆💦' लिहिलं, तर खाली नुसती हसणारी तोंडं. वांगं बंदच करू का?"

बंद नका करू. घोळ 💦 ने केलाय. तुम्हाला रस्सा दाखवायचा असेल, पण 🍆 शेजारी ते थेंब आले की तरुण पोरं एकच अर्थ लावतात. त्यात 'गरमागरम' आहे आणि भाजीचं नाव कुठेच नाही. मग वाचणाऱ्याचा तरी काय दोष!

वांगं म्हणजे पुरुषाचं लिंग, हा चावट अर्थ आता जुना झाला. 2015 मध्येच इन्स्टाग्रामने 🍆 चा हॅशटॅग शोधातून काढला होता. 🍑 म्हणजे पार्श्वभाग, हेही तितकंच रुळलंय. पुढे हापूसच्या पेट्या विकाल तेव्हा केशरी दिसतंय म्हणून ते उचलू नका; 2018 पासून 🥭 आहे की.

तुमची ओळ मी अशी लिहिली असती: 'आजच्या डब्यात भरली वांगी, दाण्याचं कूट आणि गोडा मसाला घालून 🍆🍛'. पदार्थाचं नाव आधी आलं की वांगं भाजीच राहतं. मात्र 'मोठं', 'रसरशीत', 'तोंडात विरघळणारं' ही विशेषणं त्याच्या आसपास नकोत. 😏 आणि 👅 तर अजिबात नको.

टाकण्याआधी शब्द झाकून नुसती चिन्हं कॉलेजातल्या एखाद्या भाचीला दाखवा. ती फिसकन हसली, तर बदला. पोस्ट आधीच गेली असेल तर कॅप्शन एडिट करा, कमेंटमध्ये खुलासे देत बसू नका. त्याने अजून चेव येतो.